फ्रान्समधला अपघाताचा फॉर्म आणि इंग्लंडमधली विमा कंपनी

«आम्ही सप्टेंबरात रेडिंगहून तुलूझला जातोय. सुरुवातीला गाडी इंग्लंडचीच आणि विमाही तिकडचाच असेल. तिथे ठोकाठोकी झाली की एक फ्रेंच फॉर्म भरतात आणि विमा कंपनी तो इंग्रजीत मागते, असं ऐकलं. रकानेवार कसा करायचा, कुणी सांगेल का? मुलगी आठ वर्षांची आहे. बाकी तिथे कसं आहे तेही सांगा.»

व्हिसा, गाडीची फ्रेंच नोंदणी, तुमचा विमा युरोपात किती दिवस चालतो, हे सगळं सरकारी पानांवर आणि पॉलिसीत सापडेल. ते सोडते आणि थेट फॉर्मवर येते. बाकीचं आपोआप मध्ये येणारच, कारण आमच्या बाबतीत ते या कागदात गुंतलेलंच होतं.

फॉर्मचं नाव कोंस्ता आमियाब्ल, बोलताना नुसतं कोंस्ता. घटना नोंदवणारा कागद आहे, चूक कबूल करणारा नाही, आणि तसं त्यावर छापलेलंही असतं. डावीकडे निळी बाजू म्हणजे गाडी ‘ए’, उजवीकडे पिवळी म्हणजे गाडी ‘बी’. कोण ए आणि कोण बी याने काही फरक पडत नाही. तुमचं निम्मं काम वाचवणारी गोष्ट अशी की हा फॉर्म युरोपभर एकाच आराखड्याचा आहे. रकाने तेच, क्रमांक तेच, फक्त भाषा वेगळी. निघण्याआधीच तुमच्या कंपनीकडून कोरा इंग्रजी फॉर्म मागवून गाडीत ठेवा. मग छापील मजकुराचा अनुवाद करायचा प्रश्नच उरत नाही. पेनाने जे लिहिलंय, खुणा केल्यात, खोडलंय, तेवढंच इंग्रजीत न्यायचं.

आमचा प्रसंग सांगते, म्हणजे रकाने समजतील. शाळा सुटायची वेळ, साडेचार. वस्तीतल्या अरुंद गल्ल्या, चौकात ना पाटी ना रस्त्यावर पांढरी रेघ. मी सरळ चालले होते. डावीकडच्या गल्लीतून एक गाडी आली आणि माझ्या पुढच्या डाव्या दारावर आदळली. म्हणजे त्याच्या दृष्टीने मी उजवीकडून आले. मुलगी मागच्या सीटवर होती.

पहिले पाच रकाने किरकोळ. तारीख आणि वेळ, ठिकाण, जखमी, इतर नुकसान, साक्षीदार. रस्त्यांची नावं जशीच्या तशी ठेवा, ‘र्यू’चं स्ट्रीट करू नका, नाहीतर नकाशावर सापडणार नाही. तिसऱ्या रकान्यात ‘किरकोळ असले तरी’ जखमी आहेत का असं विचारलेलं असतं, ते ‘किरकोळ’ विसरू नका. मान दुसऱ्या दिवशी धरते. सही झाल्यावर फॉर्म बदलता येत नाही, त्यामुळे अशा वेळी डॉक्टरांचा दाखला वेगळा जोडायचा.

सहा ते नऊमध्ये माणसं, गाड्या आणि विमा. सहावा पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचा, नववा गाडी चालवणाऱ्याचा. आमच्याकडे सहावा नवऱ्याचा होता आणि नववा माझा. फ्रेंच माणूस आडनाव आधी आणि मोठ्या अक्षरांत लिहितो. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं आणि तिथेच घोळ होतो. पॉलिसीवर जसं आहे तसंच लिहा. अनुवादात नाव ‘सुधारायचं’ नाही, फरक दिसलाच तर खाली टीप द्यायची. सातव्यात समोरच्याचा नंबर नीट बघा. फ्रेंच नंबर म्हणजे दोन अक्षरं, तीन आकडे, दोन अक्षरं. पाटीच्या उजव्या कडेला निळ्या पट्टीत जिल्ह्याचा आकडा असतो, तुलूझला 31, तो नंबराचा भाग नाही. आणि त्यांचा हाताने लिहिलेला एक आपल्याला सात वाटतो. खरा सात ते मध्ये आडवी रेघ देऊन लिहितात. आठव्यातला ‘गाडीचं नुकसान या करारात धरलंय का’ हा प्रश्न म्हणजे तुमचा विमा कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे का, एवढंच.

पत्त्याबद्दल थांबून सांगते. सहाव्यात आमचा इंग्लंडचा पत्ता होता, नवरा तेव्हा तिथेच नोकरीत होता. नवव्यात मी पेन हातात धरून उभी राहिले. कागदोपत्री मी पाहुणी होते. पण माझी मुलगी इथल्या शाळेत जात होती, घराच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या आणि परतायची तारीख नव्हती. मी तुलूझचा पत्ता लिहिला, कारण तो खरा होता. तो हाताने लिहिताना माझ्या पोटात खड्डा पडला, अपघाताने पडला नव्हता तेवढा. तुमच्यासाठी यातला व्यवहार एवढाच की तुम्ही खरोखर राहायला आलात आणि पॉलिसीला ते माहीत नसेल, तर कंपनी क्लेम अडवू शकते. आधी कळवा, लेखी.

दहावा आणि अकरावा रकाना म्हणजे पहिला धक्का कुठे बसला त्याचा बाण आणि दिसणारं नुकसान. फ्रेंच लोक इथे आद्याक्षरं लिहितात. एव्ही म्हणजे पुढे, एआर म्हणजे मागे, जी डावीकडे, डी उजवीकडे. ‘एल एव्हीजी’ म्हणजे पुढची डावी विंग. इंग्लंडच्या कंपनीला विंग, बॉनेट, बूट, सिल असेच शब्द द्या. पण त्यांचे नियरसाइड आणि ऑफसाइड चुकूनही वापरू नका. तिकडे ऑफसाइड म्हणजे ड्रायव्हरची, उजवी बाजू. फ्रेंच गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो. समोरच्या गाडीला ते शब्द लावलेत तर वाचणारा नुकसान उलट्या बाजूला समजेल. सरळ फ्रंट लेफ्ट, रिअर राइट लिहा.

आता बारावा. सगळा क्लेम इथे ठरतो. मध्ये सतरा ओळी आहेत आणि दोन्ही गाड्यांसाठी चौकटी. लागू असेल तिथे फुली, आणि खाली किती फुल्या केल्या तो आकडा. तो आकडाही अनुवादात आलाच पाहिजे, शून्य असला तरी, कारण नंतर कुणी फुली वाढवली नाही याचा तो पुरावा असतो. पहिल्या ओळीत दोन गोष्टी आहेत, पार्क केलेली आणि थांबलेली, आणि लागू नसलेली खोडायची असते. सिग्नलला उभी गाडी ‘थांबलेली’, कडेला लावलेली ‘पार्क केलेली’. मूळ कागदावर काय खोडलंय ते अनुवादात तसंच खोडा. काहीच खोडलेलं नसेल तर स्वतःहून निवडू नका, ‘मूळ कागदावर काही खोडलेलं नाही’ असं लिहा. दुसऱ्या ओळीतही तेच, पार्किंगमधून निघत होती की दार उघडत होती.

आमच्यात ए बाजूला एकच फुली होती, सोळावी ओळ, ‘चौकात उजवीकडून येत होती’. बी बाजूला शून्य. मी अगदी नीट अनुवाद केला, पाठवला आणि इंग्लंडमधून उत्तर आलं की तुम्ही बाजूच्या रस्त्यावरून बाहेर आलात, तेव्हा जबाबदारी बहुधा तुमचीच. वाचणारीचा दोष नव्हता. इंग्लंडात उजवीकडून येणाऱ्याला आपोआप पहिला हक्क मिळतो असा नियम चौकांना नाही, तिथे रस्त्यावरच्या रेघा आणि पाट्या सांगतात कुणी थांबायचं. फ्रान्समध्ये पाटी किंवा रेघ नसेल तर डावीकडून येणाऱ्याने थांबायचं. याला ते प्रियोरिते आ द्रुआत म्हणतात, आणि तो नियम त्यांच्या रस्तासंहितेत कलम आर 415-5 मध्ये आहे. शब्द बरोबर, अर्थ उलटा पोचला. फुली माझ्या बाजूने बोलत होती आणि तिकडे ती माझ्याविरुद्ध वाचली गेली.

म्हणून सोळाव्या ओळीशी अनुवादकाची टीप हवीच. पण ती फॉर्मच्या मजकुरात मिसळायची नाही, वेगळ्या पानावर, ‘अनुवादकाची टीप’ असं स्पष्ट लिहून. मी तीन वाक्यं लिहिली: फ्रान्समधला नियम काय, कलम कोणतं, या चौकात पाटी किंवा रेघ नव्हती. आणि दोन्ही गल्ल्यांतून चौकाचे फोटो जोडले. पुढच्या पत्रात जबाबदारी समोरच्यावर गेली.

तेराव्यातल्या आकृतीला हात लावू नका, मूळ प्रतच जोडा. आतल्या अक्षरांना आकडे देऊन खाली यादी करा. बाण, गल्ल्यांची नावं आणि पाटी नाही हेसुद्धा, कारण आकृतीत नसलेली पाटी वाचणाऱ्याला आपोआप कळत नाही.

चौदावा शेरा. समोरच्याने लिहिलं होतं की गाडी ए फार वेगात आली. तेही तसंच उतरवायचं, सौम्य करायचं नाही आणि शेजारी आपलं उत्तरही लिहायचं नाही. उत्तर आपल्या पत्रात. उतरताना तो माणूस पुटपुटला होता की मला तुम्ही दिसलाच नाहीत. मला ते कळलं नाही, मुलीने सांगितलं. फॉर्मवर ते कुठेच नाही, आणि आठ वर्षांच्या मुलीची साक्ष मी काही मागणार नव्हते. पण त्याच महिन्यात शाळेने तिला ‘भाषा कळत नाही’ म्हणून न विचारता एक वर्ग खाली बसवलं होतं. गणितात ती पुढे होती, ते दाखवायला तिच्या वह्या घेऊन गेले, कुणी उघडल्या नाहीत. अजून राग जात नाही. तुम्ही पहिल्याच भेटीत नव्याने फ्रेंच शिकणाऱ्या मुलांसाठीच्या वर्गाचं नाव घ्या, उ-पे-दे-आ, आणि वर्ग कोणत्या कारणाने ठरवला ते लेखी मागा. तोंडी हो-हो करून घरी येऊ नका.

एकटेपणा असतो. त्यावर मी सल्ला देणार नाही. एवढं सांगते की इथल्या ओळखी-पाळखीच्या लोकांचे असे फॉर्म मी हौसेने करून देते आणि फुकट करते. नवऱ्याला वाटतं मला मदतीची आवड आहे. खरं तर त्या निमित्ताने कुणीतरी तासभर माझ्या स्वयंपाकघरात बसतं.

पंधरावा म्हणजे दोघांच्या सह्या. अनुवादात सही नक्कल करायची नाही, ‘सही आहे’ असं लिहायचं. सही नसेल तर ‘सही नाही’, तेही महत्त्वाचं. दोघांना एकेक प्रत मिळते, वेगळी झाली की पुढच्या बाजूवर काही वाढवू नका. मागची बाजू फक्त तुमची, आपल्या कंपनीसाठी, ती थेट इंग्रजीत भरा. फ्रेंच विम्यासाठी कळवायची मुदत कामाचे पाच दिवस असते, इंग्रज कंपनीची पॉलिसीत बघा आणि अनुवादासाठी थांबू नका: मूळ प्रतीचा फोटो त्याच दिवशी ईमेल करा, ‘अनुवाद मागाहून’ म्हणून. साधा अनुवाद चालेल की शपथबद्ध अनुवादक हवा, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. आम्हाला साधा चालला.