इफनंतर विल: तुमच्या मेसेजमधलं एक बरोबर, एक चूक

प्रश्न: आमचा तारकर्लीला छोटा होमस्टे आहे. पाहुण्यांना मेसेज लिहिला: "इफ इट विल हेल्प यू, वी विल सेंड अ रिक्षा टू कुडाळ स्टेशन. इफ द ट्रेन विल बी लेट, द रिक्षा विल वेट." अकरावीतली मुलगी म्हणते, इफच्या वाक्यात विल येतच नाही, दोन्ही चूक. खरंच का?

उत्तर:

पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं चूक. म्हणजे घरात दोघांचीही अर्धी अर्धी जीत झाली.

मी मालवणात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलगी सांगते तो नियम मीही फळ्यावर लिहून दिलाय: इफच्या बाजूला साधा वर्तमानकाळ, पलीकडे विल. दहातल्या नऊ वाक्यांना तो पुरतो. पण तो का आहे हे आम्ही शिक्षक सांगत नाही, आणि मग उरलेलं दहावं वाक्य लाल पेनाने उगाच कापलं जातं. मीही कापलेली आहेत.

आधी काय घडतं आणि नंतर काय घडतं, ते बघा. "इफ इट रेन्स, द बोट विल नॉट गो." आधी पाऊस, मग होडी बंद. अट आधी पुरी होते आणि परिणाम तिच्या मागून येतो. अशा वेळी इंग्रजीत अटीला भविष्याची खूण लावत नाहीत. आपणही लावत नाही. आपण तर "पाऊस पडला तर" म्हणतो, उद्याच्या पावसाला चक्क भूतकाळ. आमच्याकडे म्हणतील "पाऊस इलो तर". "पाऊस पडेल तर होडी जाणार नाही" असं जेट्टीवर कोणी म्हणत नाही, आणि "इफ इट विल रेन" इंग्रजाच्या कानाला साधारण तसंच खटकतं.

आता तुमचं पहिलं वाक्य. रिक्षा आधी जाणार, आणि तिची मदत पाहुण्यांना नंतर होणार. म्हणजे इफच्या बाजूला जे आहे ते दुसऱ्या बाजूच्या कामाचं फळ आहे. क्रम उलटा झाला. "रिक्षा पाठवल्याने तुमची सोय होणार असेल, तर पाठवतो." इथे विल चालतो.

हेल्पच्या बाबतीत "इफ इट हेल्प्स" असंही सर्रास म्हणतात, त्यामुळे तिथे फरक नीट दिसत नाही. होडीवरची दोन वाक्यं घेऊ.

"इफ द राइड मेक्स युअर मदर सिक, वी विल टर्न बॅक."

"इफ द राइड विल मेक युअर मदर सिक, वी विल नॉट टेक हर."

पहिल्यात आई होडीत बसल्या आहेत, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघाल्या आहेत, आणि उलट्या झाल्या तर होडी फिरवायची आहे. दुसऱ्यात आई अजून जेट्टीवरच उभ्या आहेत. उलट्या होणार असतील तर नेणारच नाही, म्हणजे ती उलटी प्रत्यक्षात कधी होणारच नाही. आज निर्णय घ्यायला लागते ती फक्त तिची शक्यता. दोन्ही वाक्यं व्याकरणात पक्की आहेत, आणि विल काढला किंवा घातला की आई होडीत आहेत की जेट्टीवर हे बदलतं.

मराठीत याची चाचणी आयती आहे. मनात वाक्य म्हणून बघा. "झाल्या तर", "आला तर", "पडला तर" असं येत असेल तर इंग्रजीत वर्तमानकाळ. "होणार असतील तर", "पडणार असेल तर" असं येत असेल तर विल निदान विचारात घ्यायला हरकत नाही.

निदान म्हटलं, कारण ही चाचणी एका ठिकाणी फसवते. "तुम्ही गणपतीत येणार असाल तर आधी कळवा" हे आपलं अगदी रोजचं वाक्य. त्याचं "इफ यू विल कम" करू नका. माणसाने आधीच ठरवलेल्या बेतासाठी इंग्रजीत "इफ यू आर कमिंग" म्हणतात. माणूस कर्ता असला आणि इफनंतर विल आला की त्यातून बेताऐवजी राजीखुशी ऐकू येते. "इफ यू विल वेट ॲट द जेट्टी, आय विल कॉल द बोटमन" म्हणजे तुम्ही जरा थांबाल का, मी होडीवाल्याला बोलावतो. ही अदबीची विनंती झाली आणि ती शुद्ध आहे. पावसाला, ट्रेनला अशी मर्जी नसते, म्हणून तिथे हा अर्थ निघत नाही.

मर्जीचंच टोक म्हणजे हट्ट. आमच्या एका नातेवाइकांनी खोल्यांच्या गेटवर पाटी लावली होती: "इफ यू विल कम आफ्टर टेन, गेट विल बी क्लोज्ड." त्यांना म्हणायचं होतं, दहानंतर आलात तर गेट बंद असेल. एक पाहुणी मला हळूच विचारून गेली, की इथे आधी कोणाशी भांडण झालंय का? तिने विलवर जोर देऊन वाचलं होतं: दहानंतरच येण्याचा हट्ट असेल तर या, मग बघा. पाटीत "इफ यू कम" केल्यावर राग गेला. (गेट तसंही साडेअकरापर्यंत उघडंच असायचं.)

मुलीला एक मात्र जरूर सांगा. "आय डोन्ट नो इफ द बोट विल गो टुमॉरो" यातला इफ अटीचा नाहीच. तो "की नाही"वाला आहे: उद्या होडी जाईल की नाही, माहीत नाही. इथे विल हवाच. नियम पाठ केलेली मुलं हासुद्धा खोडतात. आणि परीक्षेत रिकामी जागा भरताना तिने आपला वर्तमानकाळच लिहावा, तिथे उत्तर तेच अपेक्षित असतं.

आता तुमचं दुसरं वाक्य. ट्रेन आधी उशिरा येणार, रिक्षा नंतर थांबणार. मराठीत "उशीर झाला तर". म्हणून "इफ द ट्रेन इज लेट, द रिक्षा विल वेट." हे दुरुस्त कराच.

पण त्यापुढे फोन करायलाही सांगायचं असेल, तर गंमत बघा. पाहुण्यांना रत्नागिरीलाच कळलं की गाडी रखडणार आहे, आणि तुम्हाला फोन तेव्हाच हवा आहे, कुडाळला उशीर होऊन गेल्यावर नाही. म्हणजे फोन आधी, उशीर नंतर. मराठीत आपोआप "उशीर होणार असेल तर फोन करा" येतं. इथे साधा "इज लेट" लिहिला, तर एखादा पाहुणा ठरल्या वेळेपर्यंत थांबून मग फोन करेल, तोवर तुमचा रिक्षावाला स्टेशनवर दोन चहा पिऊन झालेला असेल. "विल बी लेट" समजेल, पण येऊ घातलेल्या गोष्टीची चिन्हं आत्ताच दिसत असतील तेव्हा बोलण्यात "गोइंग टू" जास्त सहज येतं. मी असं पाठवलं असतं:

"इफ इट विल हेल्प यू, वी विल सेंड अ रिक्षा टू कुडाळ स्टेशन. इफ द ट्रेन इज गोइंग टू बी लेट, प्लीज कॉल अस. इफ इट इज लेट, द रिक्षा विल वेट."