उभ्याने लांब उडी: ताकद आहे, तरी अडते कुठे?

«पोरगा तेरा वर्षांचा हाय. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीसाठी उभ्यानं लांब उडीची तयारी करून राह्यला. १.६५ मीटरच्या पुढं जातच नाही. रोज उठबशा काढते, पायात ताकद हाय. मंग अडते कुठं?»

भाऊ, ताकद असून उडी अडली, तर आधी वेळ तपासा. बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये उडी टिपा आणि दोन ठिकाणी थांबवा: तो सगळ्यात खाली गेलेला क्षण, आणि बोटं जमीन सोडतात तो क्षण.

खाली असताना गुडघा काटकोनाच्या आसपास, कुल्ले मागे, छाती पुढे झुकलेली, टाचा टेकलेल्या आणि हात पूर्ण मागे हवेत. उठबशांची सवय असलेली पोरं इथे क्षणभर बसून राहतात. खाली येणारं अंग रोखताना मांड्या आणि कुल्ल्यांचे स्नायू ताणून जोर धरतात. थांबलं की तो जोर ओसरतो. म्हणून खाली जाणं झपकन, आणि तिथूनच लगेच वर.

आता हात. कुल्ले वर उठायच्या आधी हात पुढे सुटले पाहिजेत. हात जोराने पुढे-वर जाताना खांद्यांवर खाली दाब येतो, त्यामुळे कुल्ल्याचा सांधा जरा सावकाश उघडतो, आणि सावकाश आखडणारा स्नायू जास्त जोर लावतो. शेवटी हात डोळ्यांच्या उंचीवर मंदावतात, तेव्हा धडाला सोबत ओढून नेतात. अ‍ॅशबी आणि हीगार्ड यांच्या २००२ च्या अभ्यासात हात मोकळे असताना सरासरी उडी २.०९ मीटर होती, हात न हलवता १.७२. तुमच्या पोराने जमीन सोडताना हात अजून कमरेपाशीच असतील, तर ते उशिरा सुटले.

दुसऱ्या क्षणी घोटा, गुडघा, कुल्ला आणि खांदा एका तिरक्या रेषेत दिसावेत. माझ्या मते सगळ्यात जास्त सेंटिमीटर इथेच वाया जातात. गुडघे आधी सरळ झाले की कुल्ले नुसते वर उचलले जातात, धड वाकलेलंच राहतं आणि पोरगा घडी न उघडताच हवेत जातो. आधी कुल्ला उघडायचा, मग गुडघा, शेवटी घोटा. त्याला «उंच उड» म्हणू नका, «कंबर पुढे फेक» म्हणा.

आठवडाभर उडी न मोजता फक्त हात आणि बैठक जुळवा: हात मागे नेत खाली, हात पुढे सोडत वर, आणि शेवटी बोटांवर पूर्ण ताठ. जुळलं की उडी लावा. हवेत गेल्यावर हात खाली-मागे ओढले की पाय पुढे येतात. माप मागच्या टाचेपर्यंत धरतात, म्हणून पडायचं तर पुढेच.

उडी घेण्याची जागा दाबलेल्या मुरमाची ठेवा. भेगा पडलेल्या काळ्या मातीत ढेकूळ सरकलं की पाय मागे घसरतो आणि कमरेचा जोर मातीत जातो.