फोटोतून चष्मा काढताना: तुमचे प्रश्न

आजोबांच्या फोटोतला चष्मा फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रशने काढतोय, पण नाकावर काळा धब्बा पसरतो. काय चुकतंय? (सिडको)

हीलिंग ब्रश पोत तुम्ही घेतलेल्या जागेवरून उचलतो, पण रंग आणि उजेड जिथे मारताय तिथल्या आजूबाजूचा घेतो, मग शेजारी काळी फ्रेम असली की तो काळेपणा त्वचेत उतरणारच. म्हणून आधी क्लोन स्टॅम्प. वर नवीन रिकामा लेयर घ्या, Sample मध्ये Current & Below ठेवा आणि फ्रेम पूर्ण झाका, हीलिंग अगदी शेवटी जोड मिटवायला.

नाकाचा पूल एका ठिकाणची त्वचा उचलून भरू नका. नाकाच्या मध्यावर उजेडाची पट्टी असते आणि दोन्ही बाजूंना सावली उतरत जाते, ती पट्टी फ्रेमने तोडलेली असते. भुवयांच्या मधून खाली या, नाकाच्या शेंड्याकडून वर जा, मध्ये दोन्ही जुळवा, ब्रश मऊ आणि ओपॅसिटी साधारण ३० टक्के. पॅडचे लालसर खड्डे आणि गालावरची फ्रेमची सावलीही काढायची, नाहीतर चष्मा गेला तरी चेहऱ्यावर त्याची खूण राहते. तपासायला वर ब्लॅक अँड व्हाइट ॲडजस्टमेंट लेयर टाका, डाग लगेच दिसतात.

बाबांचा नंबर मायनसमध्ये जास्त आहे. चष्मा काढला पण डोळे बारीक आणि कानशिलाजवळ चेहरा आत गेलेला दिसतो. (नाशिकरोड)

हे भिंगामुळे झालंय हो ताई, मायनसचं भिंग मागचं सगळं लहान दाखवतं. भिंगातून दिसणारी चेहऱ्याची कड आणि बाहेरची कड यात जी पायरी दिसते ती आधी सरळ करायची, Liquify मध्ये मोठा ब्रश घेऊन कड हळूहळू बाहेर ढकला, वरच्या-खालच्या कडेशी जुळेपर्यंत. डोळ्याचा भाग Ctrl+J ने वेगळा घेऊन Ctrl+T ने मोठा करा, पण कडेइतका नको, कारण कानशील भिंगापासून जास्त लांब असतं म्हणून तिथे फरक जास्त पडतो. आणि हे सगळं क्लोनच्या आधी करा, नंतर केलं तर भरलेली त्वचा ताणली जाते.

फ्रेमने वरची पापणी झाकलीये. दुसरा डोळा उलटा करून लावला तर चालेल का? (पंचवटी)

पापणीची घडी आणि कड तेवढी घ्या, आख्खा डोळा नको. बुबुळातला चमकणारा ठिपका उलटा झाला की दोन डोळ्यांत उजेड दोन दिशांनी येतो आणि माणूस ओळखीचा वाटेनासा होतो. वय झालेल्यांची एक पापणी बऱ्याचदा जास्त लोंबते, तेव्हा त्यांचा बिनचष्म्याचा फोटो शोधा, लग्नाच्या अल्बममधला असला तरी घडी कुठून कुठे जाते ते कळतं. भिंगावर पांढरा झोत पडून डोळाच गेला असेल तर दुसऱ्या फोटोशिवाय ते करू नका, कारण तो डोळा मग त्यांचा राहणार नाही.

पासपोर्टच्या फोटोतला काढून द्याल का? (गंगापूर रोड)

नाही दादा, तिथे एडिट केलेला फोटो चालत नाही. चष्मा काढून नवीन फोटो काढून घ्या.