भाच्याचा स्क्रीनशॉट आणि नऊ लाखांची पावती

प्रश्न: साहेब, माझं वय 61. अक्कलकोट रोडला चादरीचे आठ माग होते, ते विकून आलेल्या पैशांतले 9 लाख एका मोठ्या बँकेत तीन वर्षांच्या एफडीत ठेवले. व्याज 7.1 टक्के, 20 महिने झालेत. पुण्याचा भाचा शेअरबाजारात असतो. त्यानं स्क्रीनशॉट पाठवला, की या बँकेचा सीडीएस दोन आठवड्यांत 90 वरून 180 झालाय, म्हणजे बँक बुडण्याचा धोका दुप्पट, मामा आजच पैसे काढा. मुलीचं लग्न दीड-दोन वर्षांवर आहे. एफडी मोडू का? आणि हा सीडीएस विमाच असेल तर तो मला घेता येईल का?

उत्तर: मालक, एफडी मोडू नका. मात्र तुमच्या पावतीत एक खरी अडचण आहे. ती सीडीएसची नाही, शेवटी सांगतो.

आधी तो 180 चा आकडा. सीडीएस, म्हणजे क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप, हा बाँडवरचा, म्हणजे कर्जरोख्यावरचा, विम्यासारखा करार. समजा, बँकेचे परदेशात विकलेले डॉलर बाँड कुणाकडे तरी आहेत. बँकेनं ते फेडले नाहीत तर नुकसान भरून देण्याचं दुसरा कबूल करतो, पहिला त्याबद्दल दरसाल हप्ता देतो. 180 म्हणजे 1.8 टक्के. एक कोटी डॉलरच्या बाँडला वर्षाला 1 लाख 80 हजार डॉलर हप्ता, बहुधा पाच वर्षांच्या करारासाठी.

बाजारातली मंडळी यावरून एक ढोबळ हिशेब करतात. बँक बुडाली तरी बाँडचे 40 टक्के परत मिळतील असं धरतात, म्हणजे नुकसान 60. मग 1.8 ला 0.6 नं भागलं की 3 टक्के, ही झाली वर्षाला बुडण्याची शक्यता. आधी ती दीड होती. भाच्याचं ‘दुप्पट’ इथून आलं. गणित बरोबर आहे, पण ते हप्त्यावरून उलटं केलेलं आहे. हप्ता वाढायला बँकच बिघडावी लागते असं नाही; विमा मागणारे वाढले, विकणारे कमी झाले, तरी तो चढतो.

आणि इथंच हा विमा आपल्या ओळखीच्या विम्यापासून वेगळा पडतो. तुमच्या मागाच्या शेडचा आगीचा विमा तुम्हीच काढू शकत होता, कारण जळली तर नुकसान तुमचं. सीडीएसमध्ये बाँड जवळ नसतानाही विमा घेता येतो. समजा, तुमच्या शेडचा विमा अख्ख्या गल्लीनं काढला. कुणीतरी म्हणालं, परवा तिथून धूर दिसला. चार जण आणखी विमा काढायला धावले, हप्ता वाढला. वाढलेला हप्ता बघून सूतवाला उधारी बंद करतो, गिऱ्हाईक ॲडव्हान्स परत मागतं. शेडला काडीसुद्धा लागलेली नाही, आणि धंदा बसायला लागला.

हे जर्मनीच्या डॉइश बँकेच्या बाबतीत घडलंय. मार्च 2023. स्वित्झर्लंडची क्रेडिट स्वीस बँक कोलमडली आणि 19 तारखेला तिला तिथल्याच यूबीएस बँकेच्या पदरात घालण्यात आलं. सगळे पुढचा बळी शोधत होते. डॉइश बँकेचा पाच वर्षांचा सीडीएस बुधवारी 142 च्या आसपास होता, शुक्रवारी, 24 मार्चला, 200 च्या वर. ते बघून शेअर विकणारे तुटून पडले आणि दिवसात भाव एका टप्प्यावर सुमारे 14 टक्के खाली गेला. शेअर पडलेला बघून बँकेशी व्यवहार असलेल्या संस्थांनी आपलं येणं वाचवायला आणखी सीडीएस घेतले असणार. आदल्या वर्षी याच बँकेनं 5 अब्ज युरोहून जास्त नफा कमावला होता. नंतरच्या बातम्यांनुसार नियामकांचा संशय एकाच व्यवहारावर गेला, तोही साधारण 50 लाख युरोंचा. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या देखरेख विभागाचे तेव्हाचे प्रमुख आंद्रेआ एनरिया पुढच्याच आठवड्यात जाहीरपणे म्हणाले, की या बाजारात काही दशलक्ष युरो खर्चून मोठ्या बँकेचे दर हलवता येतात आणि ठेवीदारही पळू शकतात. बँक आजही चालू आहे.

आता भाच्याचा स्क्रीनशॉट पुन्हा उघडा. वर बँकेचं नाव, ‘5Y’, आणि लाल रंगात 180. किती सौदे झाले ते कुठंच नाही. दिवसाला एक-दोन सौदे होणाऱ्या मालाचा भाव हा असाच दिसतो. मंगळवारच्या बाजारात एकच शेळी विकली गेली, तर तिचा भाव म्हणजे सगळ्या शेळ्यांचा भाव नव्हे.

म्हणून सीडीएस निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. भाच्याला दोन गोष्टी विचारा. एक, त्याच दिवसांत इतर भारतीय बँकांचेही सीडीएस वाढले का? वाढले असतील तर जगभरच्या भीतीचा वारा आहे, तुमच्या बँकेचा आजार नव्हे. दोन, एका वर्षाच्या कराराचा दर पाच वर्षांच्या दराच्या वर गेलाय का? एरवी लांबच्या मुदतीचा दर जास्त असतो. तो उलटला, तर बाजाराला संकट अगदी दाराशी दिसतंय. क्रेडिट स्वीसचा उलटलाच होता, एक वर्षाचा दर 1000 च्या वर गेला होता. भाच्याकडून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर मला लगेच फोन करा.

तुम्हाला हा विमा घेता येईल का? नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत किरकोळ ग्राहकाला स्वतःच्या कर्जरोख्याच्या संरक्षणापुरतीच परवानगी आहे, आणि एफडी हा कर्जरोखा नाही. प्रत्यक्षात हे सौदे मोठ्या संस्थांमध्येच होतात. शिवाय विमा देणारा तरी धड हवा! 2008 मध्ये एआयजी या अमेरिकी विमा कंपनीनं हप्ते गोळा केले, पण भरपाईची तजवीज केली नव्हती. मानांकन घसरताच लोकांनी तारण मागितलं आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला 85 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करावं लागलं.

मोडण्याचा खर्च बघू. पावतीच्या तारखेला 20 महिन्यांचा दर 6.8 होता असं धरू, त्यातून 1 टक्का दंड, उरले 5.8. चक्रवाढ सोडून 9 लाखांवर 20 महिन्यांचे साधारण 19,500 गेले. उरलेले 16 महिने दुसरीकडे 6.5 नं ठेवले तर आणखी 7,200. म्हणजे भीतीचा हप्ता जवळजवळ 27 हजार. मध्येच पैशांची गरज लागली तर पावतीवर कर्ज घ्या, ते स्वस्त पडेल.

आणि आता खरी अडचण. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला व्याजासह 5 लाखांपर्यंतच आहे. तुमचे 4 लाख आणि वरचं व्याज उघड्यावर आहे, सीडीएस 90 असतानाही होतं. सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना सप्टेंबर 2022 मध्ये रद्द झाला. तिचा सीडीएस बघून कुणाला आगाऊ कळण्याचा प्रश्नच नव्हता, अशा बँकांचे सीडीएस निघतच नाहीत. मोठ्या बँकेत ही भीती मला कमी वाटते, म्हणून आज दंड भरून मोडू नका म्हणतो. मुदत संपली की मात्र सगळी रक्कम परत एकाच पावतीत घालू नका. व्याज धरून साधारण अकरा लाख होतील. त्याचे तीन भाग करा: एक तुमच्या नावे याच बँकेत, दुसरा वहिनींच्या नावे, तिसरा दुसऱ्या बँकेत, प्रत्येक 5 लाखांच्या आत. लग्नाच्या हॉलचा आणि दागिन्यांचा ॲडव्हान्स देण्याची तारीख कळली, की मुदती त्याप्रमाणे लावू. तोवर पावतीवर नॉमिनीचं नाव छापलंय का एवढं बघून ठेवा.