गोल सेटिंग थिअरी: 'स्वीकारलेलं' हा शब्द ऑप्शनमध्ये का असतो?

प्रश्न: मोटिव्हेशनच्या क्विझमध्ये 'कोणत्या ध्येयाने कामगिरी सगळ्यात जास्त वाढते?' याला मी 'जमेल तेवढं उत्तम करा' टिक केलं, चुकलं. मग 'मध्यम अवघड ध्येय' केलं, तेही चुकलं. उत्तर 'ठराविक, अवघड आणि स्वीकारलेलं ध्येय' असं दिलंय. अवघड ध्येयाने माणूस उलट खचणार नाही का?

मीपण पहिल्यांदा याच दोन ऑप्शनवर घसरलो होतो, त्यामुळे तुमचं दुःख कळतंय 😄 खचतो ना, पण कधी खचतो ते त्या 'स्वीकारलेलं' शब्दात दडलंय.

आधी 'जमेल तेवढं उत्तम करा' घेऊ. ऐकायला छान, पण त्यात मोजायचं काय हेच नाही. कुठे पोचलो की 'उत्तम' झालं हे प्रत्येकजण आपल्या सोयीने ठरवतो आणि जरा बरं झालं की झालं म्हणून थांबतो. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये हेच मांडलं, तीच गोल सेटिंग थिअरी, आणि गॅरी लॅथम यांनी ते प्रत्यक्ष कामावर तपासलं. १९७५ मधला लॅथम आणि बाल्डीस यांचा अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा अभ्यास बघा, मला या विषयात सगळ्यात जास्त आवडतो तो. जंगलातून लाकडाचे ओंडके वाहून नेणारे ट्रक होते. कायद्याने जेवढं वजन चालतं त्याच्या साधारण ६०% च भरून ड्रायव्हर निघायचे, आणि त्यांना सांगितलेलं काय तर 'जमेल तेवढं चांगलं करा'. मग ध्येय दिलं, ९४% भरा. जास्तीचे पैसे नाहीत, आणि नाही जमलं तरी कोणी ओरडणार नाही असंही सांगितलं.

पहिल्या महिन्यात आकडा ८०% च्या वर गेला. दुसऱ्या महिन्यात घसरून ७०% वर आला, कारण ड्रायव्हर बघत होते की हे खरंच ओरडत नाहीत का! कोणी काही बोललं नाही, आणि तिसऱ्या महिन्यात ९०% पार. नंतर तो तिथेच टिकला. मला तर दुसऱ्या महिन्याची घसरणच सगळ्यात खरी वाटते, कारण माणसं ध्येय ऐकलं की लगेच मान्य करत नाहीत, आधी देणाऱ्याला जोखतात.

आणि आकड्याने नुसता जोर लावायला लावला असं नाही हं. ओंडके भरताना वजन नेमकं किती झालं हे नजरेने ओळखायचं होतं, जास्त झालं तर दंडाची भीती, म्हणून ड्रायव्हरनी स्वतःच ट्रकमध्ये छोटे बदल सुचवले, अंदाज नीट यावा म्हणून. 'चांगलं भरा' म्हटलं असतं तर हे कोणाला सुचलं असतं का? नेमका आकडा असला की आपण किती मागे आहोत ते दिसतं, आणि दिसलं की माणूस युक्ती शोधतो. म्हणून फीडबॅक नसेल तर ठराविक ध्येयाचाही फारसा उपयोग होत नाही.

आता तुमचा खचण्याचा मुद्दा. मिरियम एरेझ आणि झिडॉन यांनी १९८४ मध्ये ध्येय हळूहळू अवघड करत नेलं. जोवर लोक ते ध्येय मान्य करत होते, तोवर अवघडपणा वाढला तशी कामगिरीही वाढत गेली. पण एकदा 'हे मला मान्य नाही' झालं की उलटं, ध्येय जितकं अवघड तितकी कामगिरी घसरली. म्हणजे तुमची शंका बरोबरच आहे, फक्त ती नाकारलेल्या ध्येयाला लागू होते.

'मध्यम अवघड' मात्र दुसऱ्या थिअरीतून घुसलेला ऑप्शन आहे. मॅक्लेलंडच्या अचीव्हमेंट मोटिव्हेशनमध्ये येतं की ज्यांना अचीव्हमेंटची गरज जास्त, ते मध्यम रिस्कचं काम *निवडतात*. प्रश्न निवडीचा असेल तर तो बरोबर, कामगिरीचा असेल तर नाही. पेपर काढणारे हे मुद्दाम एकत्र टाकतात, शहाणपणा त्यांचा!

अजून एक ऑप्शन हमखास येतो, 'ध्येय कर्मचाऱ्याने स्वतः ठरवलं तरच कामगिरी वाढते'. यावर लॅथम आणि एरेझ यांचे निकाल जुळत नव्हते, तर १९८८ मध्ये दोघांनी लॉकना मध्यस्थ घेऊन एकत्र प्रयोग केले. कळलं असं की लॅथम ध्येय देताना कारण समजावून सांगत होते, एरेझ यांच्या प्रयोगात मात्र नुसतं 'एवढं करा' म्हणून तुटकपणे सांगितलं जायचं. कारण सांगून दिलेलं ध्येय सोबत बसून ठरवलेल्या ध्येयाइतकंच चाललं. त्यामुळे ऑप्शनमध्ये 'तरच' दिसलं की सावध व्हा.

फक्त एक, काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर हे सगळं एवढं सरळ चालत नाही. तिथे निकालाचा आकडा समोर ठेवला की माणूस घाईत एकामागून एक पद्धत बदलत राहतो आणि एकही नीट शिकत नाही, मग 'हे काम करायच्या चार पद्धती शोधून काढ' असं शिकण्याचं ध्येय जास्त उपयोगी पडतं, तेही नेमकं आणि अवघडच.