मॅरेथॉनच्या तयारीचे सोळा आठवडे कसे वाटायचे?

तुम्ही आत्ता आठवड्याला 30 किलोमीटर धावता, म्हणजे पाया अगदीच कच्चा नाही. मी अशी वाटणी करेन: बेस म्हणजे पाया 6 आठवडे, बिल्ड म्हणजे वाढ 5, पीक म्हणजे सर्वात जास्त धावण्याचे 2, टेपर म्हणजे शर्यतीआधी अंतर कमी करण्याचे 3.

बेसमध्ये फक्त सावकाश धावा आणि 30 वरून हळूहळू 40 किलोमीटरवर या. दर चौथ्या आठवड्याला अंतर थोडं कमी करा. नव्या लोकांची पहिली चूक इथेच होते: पाय ताजे असतात, म्हणून वेग वाढतो. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर तुम्ही जास्त वेगात आहात. दमसास लवकर वाढतो, पण नडगी आणि टाचेमागची शीर तयार व्हायला वेळ लागतो.

बिल्डमध्ये आठवड्यातून एकच टेम्पो रन, म्हणजे जोरात पण टिकवता येईल अशा वेगाची धाव, घ्या आणि रविवारची लांब धाव 20 वरून 26 किलोमीटरपर्यंत न्या. पीकमध्ये एकदा 30 किलोमीटर किंवा तीन तास, जे आधी होईल तिथे थांबा. त्यापुढे थकवाच जास्त साचतो.

टेपरला आठवड्याचं अंतर पीकच्या 50 किलोमीटरवरून 38, मग 28, शेवटच्या आठवड्यात शर्यत सोडून 12-15. अंतर कापा, थोडा वेग राहू द्या. या दिवसांत पाय जड वाटतात, नसलेली दुखणी जाणवतात. घाबरून 25 किलोमीटरची ‘चाचणी’ घेऊ नका. आजारपणात बुडालेला आठवडाही इथे भरून काढू नका, तो सोडून द्या.

हार्ट रेट झोन वगैरे सध्या बाजूला ठेवा. पहिले सहा आठवडे झाले की कळवा.