पॉडकास्टच्या शेवटी श्रोत्यांना काय म्हणावं?

प्रश्न: मराठवाड्यातल्या बारवांवर पॉडकास्ट करतो. शेवटी श्रोत्यांना मागे न लागता कसं बोलवावं?

उत्तर: एकच गोष्ट मागा, तीही त्याच भागातून निघालेली, आणि शेवटचं संगीत सुरू होण्याआधी. ऐकणारा गाडीवर किंवा शेतात असतो, हात मोकळे नसतात. ‘लाइक करा, शेअर करा, रेटिंग द्या’ ही यादी लक्षात राहत नाही, आणि संगीत वाजलं की बरेच जण बंद करतात. समजा भाग परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेवर आहे, तर म्हणा: ‘तुमच्या गावात बारव असेल तर सवडीनं एक फोटो आणि गावाचं नाव पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.’ मात्र तसं म्हटलंत तर खरोखर वाचा. नाहीतर पुन्हा कुणी पाठवणार नाही.